घरून काम करणारा माणूस नेमताना: परीक्षा कशी घ्यावी आणि ऑफर लेटरमध्ये काय लिहावं

ऑफिसात बसणारा माणूस निवडताना थोडी चूक झाली तरी सावरता येते. तो अडकला की चेहऱ्यावर दिसतं, शेजारचा विचारतो, दुपारी चहाला विषय निघतो. लातूरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा माणूस अडकला, तर त्यानं सांगितल्याशिवाय ते कुणालाच कळत नाही. म्हणून अशा भरतीत एकाच गोष्टीचा शोध घ्यायचा असतो: कुणी विचारायच्या आधी हा माणूस स्वतःहून, वेळेत आणि समजेल असं सांगतो का? स्वयंशिस्त आणि संवाद या दोन गोष्टी इथे जवळपास एकच होतात, आणि दोन्ही मुलाखतीच्या गप्पांत दिसत नाहीत.

हा लेख पहिल्यांदाच घरून काम करणारा माणूस घेणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी आहे. सगळं एका काल्पनिक उदाहरणावरून समजून घेऊ. पुण्यात आठ जणांची एक कंपनी आहे. ती छोट्या दवाखान्यांना अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर विकते. तिला ग्राहक सहाय्यासाठी एक व्यक्ती हवी आहे: दवाखान्यांचे मेसेज, ईमेल आणि फोन घेणारी, घरून काम करणारी. काम वेगळं असलं तरी पायऱ्या याच राहतात, फक्त चाचणीतला मजकूर बदलतो.

आधी हाताशी काय लागेल

- कामाचं एक पानी वर्णन (पायरी १ मध्ये)
- दोन तासांचं चाचणी-काम आणि त्याचे पैसे द्यायची सोय
- गुण देण्याचा तक्ता, उमेदवार येण्याआधी तयार केलेला
- ऑफर लेटरचा मसुदा. हाही आधीच, कारण तो लिहिताना आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरतं.
- दोन परीक्षक, एकमेकांशी न बोलता गुण देणारे

## १. काम एका पानावर उतरवा

जाहिरातीच्या आधी हे पान लिहा. त्यावर तीन गोष्टी पुरतात: आठवड्याच्या शेवटी काय झालेलं असायला हवं, दिवसातल्या कोणत्या वेळी माणूस हजर हवाच, आणि कोणता निर्णय तो कुणाला न विचारता घेऊ शकतो.

आपल्या उदाहरणात ते असं होईल. दवाखाने सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते साडेसहा या वेळांत सर्वाधिक फोन करतात, म्हणून त्या वेळी फोनवर हजर राहणं आवश्यक. मधल्या वेळेत जुन्या तक्रारींचा पाठपुरावा आणि माहितीपत्रक सुधारणं. ते कधी, कोणत्या क्रमानं करायचं हे त्या व्यक्तीनं ठरवावं. पाचशे रुपयांपर्यंतची सूट न विचारता देता येईल, त्यापुढे विचारायचं.

तिसरा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि पुढचा बराच त्रास तिथूनच सुरू होतो. अधिकार ठरलेला नसेल तर शिस्तीचा माणूससुद्धा दर तासाला परवानगी मागतो, आणि मालकाला वाटतं की याला काही जमत नाही.

## २. जाहिरातीतच पहिली चाळणी लावा

‘घरून काम’ म्हटलं की अर्जांचा पाऊस पडतो. म्हणून जाहिरातीच्या शेवटी एक छोटी, नेमकी सूचना द्या. उदाहरणार्थ: ‘अर्जासोबत बायोडेटा नको. पुढील दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकी दहा ओळींच्या आत लिहा. विषयात ‘सहाय्य’ हा शब्द आणि तुमच्या गावाचं नाव टाका.’ सूचना न वाचता पाठवलेले अर्ज इथेच बाजूला होतात. लेखी सूचना नीट वाचणं हा या नोकरीचा गाभाच आहे, त्यामुळे ही अट अन्यायाची नाही.

दोन प्रश्न असे असू शकतात: ‘एखाद्याला फोनवरून काही अवघड समजावून सांगितलं असेल तो प्रसंग लिहा’ आणि ‘तुमच्याकडे एकाच वेळी तीन कामं आली तर कोणतं आधी, हे कसं ठरवता?’ उत्तरं मराठीत, इंग्रजीत किंवा दोन्ही मिसळून चालतील असं स्पष्ट लिहा. दवाखान्यांशी बोलणं मराठीत होणार असेल तर इंग्रजीच्या सफाईला गुण देण्यात अर्थ नाही.

आणखी एक काळजी घ्या. ‘घरबसल्या कमवा’ म्हणून आधी पैसे उकळणाऱ्या फसवणुकीमुळे चांगले उमेदवार अशा जाहिरातींपासून लांब राहतात. म्हणून कंपनीचा नोंदणीकृत पत्ता, वेबसाइट आणि पगाराचा आकडा जाहिरातीत द्या, पत्रव्यवहार कंपनीच्याच ईमेलवरून करा, आणि नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपसाठी कोणतंही डिपॉझिट घेतलं जाणार नाही हे ठळक लिहा. खरोखरच घेऊही नका.

## ३. पैसे देऊन चाचणी-काम करून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. लेखी उत्तरांतून पाच-सहा जण निवडा आणि त्यांना दोन तासांचं काम द्या. पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ठरलेली रक्कम, समजा ८०० रुपये, निकाल काहीही लागला तरी लगेच द्या. फुकट करून घेतलेली चाचणी गरजू माणूस करतो आणि ज्याच्या हातात आधीच काम आहे तो सोडून देतो. त्याशिवाय चाचणीच्या नावाखाली कंपनीचं खरं काम उरकून घेऊ नका. ते लगेच कळतं, आणि बाहेर बोललंही जातं.

काम खऱ्यासारखं असावं पण त्यात एक महत्त्वाची माहिती मुद्दाम गाळलेली असावी. आपल्या कंपनीची चाचणी अशी: उमेदवाराला तीन पानी माहितीपत्रक आणि एका काल्पनिक डॉक्टरचा मेसेज मिळतो.

> ‘सकाळपासून बिलं निघत नाहीयेत. बाहेर पेशंट थांबलेत. लगेच काहीतरी करा.’

त्यावरून तीन गोष्टी लिहायच्या: डॉक्टरांना उत्तर, प्रोग्रामरला द्यायची नोंद, आणि दिवसअखेरीला वरिष्ठांना पाठवायच्या पाच ओळी. गाळलेली माहिती ही, की बिल तयारच होत नाही, का तयार होतंय पण छापलं जात नाही? माहितीपत्रकात दोन्हींचे उपाय वेगळे दिलेले आहेत.

शिस्तीची परीक्षा मजकुरात नसते, वेळेत असते. काम पाठवताना लिहा: ‘दोन दिवसांत कधीही करा, पण कधी पाठवाल तो दिवस आणि वेळ आत्ताच कळवा.’ मग गप्प बसा. आठवण करून देऊ नका. उमेदवारानं स्वतः दिलेली वेळ पाळली का, आणि पाळता येणार नसेल तर ती वेळ उलटण्याआधी कळवलं का, एवढंच पाहा. बुधवारी सहाला देते म्हणून चारला ‘गावात लाइट नाही, रात्री नऊपर्यंत पाठवते’ असा मेसेज करणारी उमेदवार, काहीच न कळवता साडेसहाला उत्तम काम पाठवणाऱ्यापेक्षा या नोकरीला जास्त लायक आहे. उशीर प्रत्येकाला होतो. घरून काम करणाऱ्याचा उशीर आधी कळला तर तुम्ही फोन दुसऱ्याकडे वळवू शकता. नंतर कळला तर दवाखान्यातला पेशंट तोवर उठून गेलेला असतो.

आता दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहू. पहिलं:

> ‘आदरणीय सर, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. आमची टीम आपल्या समस्येवर तातडीने काम करत असून लवकरच आपल्याशी संपर्क साधण्यात येईल. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’

दुसरं:

> ‘नमस्कार डॉक्टर. बिल स्क्रीनवर दिसतय पण प्रिंट होत नाही, की बिल तयारच होत नाही? दोन्हीचा उपाय वेगळा आहे. तोपर्यंत पेशंट थांबवू नका, हाताने पावती द्या, ती नंतर ‘मागील बिल’ मध्ये भरता येते. तुमचं उत्तर आलं की लगेच फोन करते. ११:३० पर्यंत नाही आलं तर मीच फोन करीन.’

पहिल्यात एकही चूक नाही आणि एकही माहिती नाही. डॉक्टरांना पुढे काय होणार, कधी होणार, आत्ता काय करायचं, यातलं काही कळत नाही. दुसऱ्यात ‘दिसतय’वरचा अनुस्वार राहिला आहे. पण नेमका प्रश्न विचारला आहे, तोवरची सोय सांगितली आहे, आणि उत्तर आलं नाही तर काय हेही घड्याळाच्या वेळेसकट लिहिलं आहे. नवखे परीक्षक पहिल्या उत्तराला भुलतात, कारण ते ‘प्रोफेशनल’ वाटतं. म्हणून गुणांचा तक्ता आधी करून ठेवायचा. आपल्या कंपनीचा तक्ता चार ओळींचा आहे, प्रत्येकी ० ते ३ गुण:

1. गाळलेली माहिती ओळखून विचारली का?
2. वाचणाऱ्याला पुढे काय आणि कधी होणार हे कळतं का?
3. प्रोग्रामरच्या नोंदीत, जे घडलं ते आणि स्वतःचा अंदाज वेगळे ठेवले आहेत का?
4. स्वतः दिलेली वेळ पाळली, किंवा वेळ उलटण्याआधी कळवलं का?

बारापैकी आठ मिळाले तर पुढची पायरी. चौथ्या ओळीत शून्य असेल तर एकूण कितीही असोत, थांबायचं. तिसरी ओळ थोडी उलगडून सांगायला हवी. ‘सर्व्हर डाउन असल्यामुळे बिलं बंद आहेत’ अशी नोंद आली तर प्रोग्रामर तासभर सर्व्हर तपासतो, आणि शेवटी दवाखान्याच्या प्रिंटरची वायर निघालेली असते. ‘बिल छापलं जात नाही असं डॉक्टर म्हणतात, स्क्रीनवर दिसतं का ते अजून कळलेलं नाही, मला प्रिंटरची शंका आहे’ ही नोंद वेळ वाचवते. समोरासमोर असताना अंदाज आणि वस्तुस्थितीची सरमिसळ एका प्रश्नात सुटते. लांबून ती अर्धा दिवस खाते.

दोन्ही परीक्षकांनी गुण वेगवेगळे लिहावेत आणि मगच बोलावं. एका ओळीत दोन किंवा जास्त गुणांचा फरक आला तर तेवढ्याच ओळीवर चर्चा करा.

## ४. व्हिडिओ कॉल: झालेल्या गोष्टी विचारा

‘तुम्ही शिस्तीचे आहात का?’ याला सगळेच हो म्हणतात. ‘अडचण आली तर काय कराल?’ यालाही पाठ केलेलं उत्तर मिळतं. भूतकाळातली एकेक गोष्ट विचारा आणि तारखांपर्यंत जा. चाळीस मिनिटं पुरतात.

पहिला प्रश्न सगळ्यात उपयोगाचा आहे: ‘ठरलेल्या वेळेत न झालेलं एक काम सांगा. उशीर होणार हे तुम्हाला कधी लक्षात आलं, आणि समोरच्याला कधी सांगितलं?’ त्या दोन क्षणांमधलं अंतर हेच उत्तर. सोमवारी लक्षात आलं आणि शुक्रवारी विचारल्यावर सांगितलं असेल, तर तुमच्याकडेही तेच होईल. ‘माझं काम कधीच उशिरा होत नाही’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर तशी नोंद करा.

दुसरा: ‘या आठवड्यात काय करायचं हे तुम्ही कुठे लिहून ठेवता? मला वाचून दाखवाल का?’ वही असो, फोनमधल्या नोट्स असोत, किचनच्या कॅलेंडरवरच्या खुणा असोत, साधन कोणतंही चालेल. काहीतरी खरोखर वापरात आहे का, एवढं पाहायचं. खासगी मजकूर वाचायचा आग्रह धरू नका.

तिसरा चाचणीवर आधारित ठेवा, कारण लांबून भरती करताना काम दुसऱ्याकडून करून घेतलं जाण्याचा धोका खरा आहे. उमेदवाराचं उत्तर स्क्रीनवर उघडा आणि परिस्थिती बदला: ‘डॉक्टर म्हणाले की बिल स्क्रीनवरही दिसत नाही. आता हेच उत्तर इथेच बदलून लिहा.’ दहा मिनिटं द्या. स्वतः लिहिलेलं असेल तर माणूस लगेच योग्य वाक्यावर जातो. दुसऱ्यानं लिहिलेलं असेल तर आधी स्वतःचंच उत्तर वाचत बसतो.

नोकरीचा अनुभव नसलेल्यांना हेच प्रश्न कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल, दुकानाच्या हिशेबाबद्दल, गणेश मंडळाच्या वर्गणीबद्दल विचारता येतात. पंधरा जणांकडून वर्गणी गोळा करून वेळेत हिशेब देणारी व्यक्ती पाठपुरावा म्हणजे काय ते जाणते. काही वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीकडे वळणाऱ्या बायकांना इथे हमखास डावललं जातं, तेही बायोडेटातली रिकामी वर्षं बघून. तुमच्या हातात चाचणीचे गुण आहेत, त्यांवरच निर्णय घ्या.

लग्न, मुलं, सासरची माणसं यांबद्दल विचारू नका. तुम्हाला जे खरोखर जाणून घ्यायचं आहे ते सरळ विचारा: ‘दहा ते एक या वेळेत आवाजाचा अडथळा न येता फोन घेता येईल अशी जागा आहे का?’ वेगळी खोली असण्याची अट घालू नका. दोन खोल्यांच्या घरात हेडफोन लावून उत्तम काम करणारी माणसं आहेत.

## ५. वीज आणि इंटरनेट, आकड्यांत

‘नेट चांगलं आहे’ या उत्तरावर विसंबू नका. उमेदवाराला सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला, ज्या जागी बसून काम करणार तिथून स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. त्यात अपलोडचा आकडा पाहा. जाहिरातींत डाउनलोडचाच आकडा असतो, पण तुमचा आवाज आणि चेहरा समोर पोचतो तो अपलोडमधून. अपलोड सतत चार-पाच एमबीपीएस मिळत असेल तर व्हिडिओ कॉल अडत नाही.

पर्यायी जोडणीही विचारा. मोबाइलचा रोज दोन जीबीचा पॅक मेसेज आणि फोनसाठी पुरतो, पण व्हिडिओ कॉलला तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जाऊ शकतो. म्हणजे दुपारपर्यंत पॅक संपलेला असू शकतो. महावितरणची देखभालीसाठीची वीजबंदी ठरलेल्या वारी असते का, हेही विचारून ठेवा.

बऱ्याच वेळा अडचण लॅपटॉपची नसते. त्याला स्वतःची बॅटरी असते. बंद पडतो तो वायफायचा राउटर. राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो आणि राउटर दोन-तीन तास चालू ठेवतो. हा खर्च कंपनीनं करावा. त्यामुळे ‘इन्व्हर्टर नाही’ म्हणून चांगला उमेदवार नाकारायची वेळ येत नाही.

## ६. आधीच्या ठिकाणी एक फोन

उमेदवाराच्या परवानगीनं, त्यानं दिलेल्या एका माणसाशी दहा मिनिटं बोला. सध्याच्या कंपनीत न कळवता फोन करू नका, त्याची नोकरी धोक्यात येते. ‘कसा आहे?’ याला ‘चांगला आहे’ एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा: ‘यांच्याकडून काम कुठपर्यंत आलं हे कळायला तुम्हाला किती वेळा विचारावं लागायचं?’ उत्तराच्या आधी जो थोडा वेळ जातो, तोही ऐका.

## ७. ऑफर लेटर: सवयीनं चालणारं सगळं कागदावर

ऑफिसात अर्धे नियम कुणी सांगत नाही, माणूस बघून शिकतो. घरून काम करणाऱ्याला बघायला काही नसतं. म्हणून ‘लवचिक वेळ’, ‘गरजेनुसार’, ‘तत्परतेनं’ असे शब्द ऑफर लेटरमधून काढा आणि तिथे वेळ, आकडा किंवा नाव घाला. पुढचे मसुदे आपल्या उदाहरणातले आहेत. आकडे तुमच्या कामाप्रमाणे बदला.

वेळ आणि हजेरी. ‘काम सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६:३०. यात १ ते १:४५ जेवणाची सुट्टी. १० ते १ आणि ४ ते ६:३० या वेळांत फोनवर हजर राहणं आवश्यक. उरलेल्या वेळेत कामाचा क्रम तुम्ही ठरवाल.’

उत्तराची मुदत. वादाचं पहिलं कारण हेच असतं, म्हणून बारकाईनं लिहा. ‘हजेरीच्या वेळेत ग्राहकाच्या तातडीच्या मेसेजला १५ मिनिटांत, सहकाऱ्यांच्या मेसेजला २ तासांत आणि ईमेलला त्याच दिवशी उत्तर. तातडीचं म्हणजे दवाखान्याचं बिलिंग किंवा अपॉइंटमेंट बंद पडणं. बाकी काहीही तातडीचं नाही. ६:३० नंतर आणि सुट्टीच्या दिवशी उत्तराची अपेक्षा नाही. तशी वेळ आलीच तर कंपनी फोन करेल, मेसेजवर अवलंबून राहणार नाही, आणि त्या कामाचा जादा मोबदला देईल.’ शेवटचं वाक्य नसेल तर रात्री साडेनऊला मालकानं सहज टाकलेला मेसेज नव्या माणसाला हुकूम वाटतो. दोन महिन्यांत तो वैतागतो, आणि तेही सांगत नाही.

दिवसअखेरीची नोंद. ‘रोज ६:१५ ला पाच ओळी: काय पूर्ण झालं, काय अडलं, कुणाकडून काय हवं, उद्या सकाळी पहिलं काम कोणतं, आणि कोणत्या दवाखान्याला काय शब्द दिला.’ ही नोंद असेल तर दर पंधरा मिनिटांनी स्क्रीनचे फोटो काढणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज उरत नाही. तरीही कोणतीही देखरेख ठेवणार असाल तर काय नोंदवलं जातं आणि कोण बघतं ते इथेच लिहा. गुपचूप बसवलेलं सॉफ्टवेअर एक दिवस कळतंच, आणि मग तो माणूस अडचण सांगायची बंद होतो.

वीज किंवा नेट गेल्यास. ‘१५ मिनिटांत फोन किंवा एसएमएस करून कळवावं. दोन तासांपर्यंतचा खंड त्याच आठवड्यात भरून काढता येईल. त्याहून मोठा खंड महिन्यातून दोनदा आला तरी रजा कापली जाणार नाही. त्यापुढे पर्यायी जागेची सोय दोघांनी मिळून ठरवायची.’ मेसेज वायफायवरून जात नसेल म्हणून एसएमएसचा स्पष्ट उल्लेख हवा.

साधनं आणि खर्च. लॅपटॉप, हेडफोन, राउटरचा यूपीएस कंपनीचे. इंटरनेटसाठी महिन्याला ठरलेली रक्कम. नोकरी सुटल्यावर साधनं किती दिवसांत परत करायची आणि कुरियरचा खर्च कंपनीचा, हेही लिहा. साधनांचे अनुक्रमांक सोबतच्या यादीत घ्या.

ठिकाण. ‘कामाचं ठिकाण लातूर. तीस दिवसांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यातून काम करायचं असल्यास आधी लेखी परवानगी.’ व्यवसाय कर आणि दुकानं-आस्थापनांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून ही अट. पुण्याला किती वेळा यावं लागेल, प्रवास आणि राहण्याचा खर्च कोण करेल, तेही इथेच. ‘अधूनमधून’ चालणार नाही; ‘तीन महिन्यांतून एकदा, दोन दिवस, खर्च कंपनीचा’ असं लिहा.

रुग्णांची माहिती. आपल्या कंपनीसाठी हे फार महत्त्वाचं. ‘रुग्णाचं नाव, फोन, आजार असलेला स्क्रीनशॉट स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचा नाही, कंपनीचा लॅपटॉप घरातल्या इतर कुणी वापरायचा नाही.’ डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा माहिती सांभाळण्याची जबाबदारी कंपनीवर टाकतो, कर्मचारी घरी बसला म्हणून ती टळत नाही.

परिविक्षा. तीन महिने ठेवा आणि कशावरून पारखणार ते आकड्यांत लिहा: ‘तातडीच्या दहापैकी नऊ मेसेजांना मुदतीत उत्तर, रोजची नोंद, आणि दिलेली वेळ चुकणार असेल तर ती उलटण्याआधी कळवणं. आढावा ३०, ६० आणि ८५ व्या दिवशी.’ चाचणीत जे तपासलं तेच इथे पुन्हा येतं, त्यामुळे उमेदवाराला धक्का बसत नाही.

दुसरं काम आणि नोकरी सोडल्यावर. नोकरीत असताना कोणतं बाहेरचं काम चालेल ते स्पष्ट करा, जसं की शिकवणी चालेल, प्रतिस्पर्ध्याचं काम चालणार नाही. इंटरनेटवरून उचललेल्या मसुद्यांत मात्र ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही’ अशी अट असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे अशी बंदी टिकत नाही. ती घालून उमेदवार तेवढा बिचकतो. गोपनीयतेची अट पुरेशी आहे. मूळ प्रमाणपत्रंही ठेवून घेऊ नका, प्रती पुरतात.

कायद्याच्या बाजूनं थोडं तपासून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं आहे, आणि नोकरी सुटल्यावर देणं असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा साधारणपणे दहा आणि भविष्य निर्वाह निधी वीस कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, आणि या संख्येत घरून काम करणारेही मोजायचे. आठाचे दहा होणार असतील तर ऑफर देण्याआधी कामगार कायद्याच्या सल्लागाराला मसुदा दाखवा.

## ८. ऑफर पाठवल्यावर

सही मागण्याआधी दोन गोष्टी करा. अर्ध्या तासाच्या कॉलवर पत्र एकत्र वाचा. मग उमेदवाराला सांगा: ‘तुमचा एक साधा मंगळवार कसा जाईल ते पाच-सहा ओळींत तुमच्या शब्दांत लिहून पाठवा.’ त्यात जिथे तुमची समजूत जुळत नाही, तिथे पत्र दुरुस्त करा. कुणी लिहिलं की ‘जेवणाच्या वेळेतही फोन जवळ ठेवीन’, तर ते नको असल्याचं आत्ताच सांगता येतं. विचार करायला तीन दिवस द्या. घाईनं घेतलेला होकार पहिल्या महिन्यातच मोडतो.

रुजू होताना लागणारे कागद: सही केलेलं नियुक्तीपत्र, पॅन आणि आधारची प्रत, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश, आधी पीएफ असल्यास यूएएन क्रमांक, आधीच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर असल्यास त्याची प्रत, साधनांची सही केलेली यादी, आणि आणीबाणीत फोन करायला घरातल्या एका माणसाचा नंबर.

पहिले दहा दिवस रोज सकाळी दहा मिनिटांचा कॉल ठेवा, मग तो आठवड्यातून दोनदा करा. तिसाव्या दिवसाच्या आढाव्याला ऑफर लेटर समोर उघडून एकेक कलम वाचा. जे प्रत्यक्षात वेगळं चाललं आहे, समजा संध्याकाळचे फोन चारऐवजी पाचला सुरू होतात, ते त्याच दिवशी दोघांच्या सहीच्या पुरवणी पत्रानं बदला आणि बदल कोणत्या तारखेपासून लागू, तेही त्यात लिहा.